फराळाच्या खोक्यातलं आभाराचं कार्ड: काय लिहिलं तर गिऱ्हाईक संक्रांतीला परत येईल?

भाजणीघर
नमस्कार मंडळी. नाशिकहून लिहितेय. मी, सासूबाई आणि दोन मदतनीस मिळून दिवाळीचा फराळ करतो. ऑर्डरी सगळ्या ऑनलाइन येतात, व्हॉट्सॲप आणि आमच्या छोट्याशा साइटवरून. गेल्या दिवाळीत २१२ खोकी कुरियरने गेली. प्रत्येक खोक्यात एक छापील कार्ड घातलं होतं. मजकूर असा:

"आपल्या खरेदीबद्दल मनःपूर्वक धन्यवाद! आपला विश्वास हीच आमची प्रेरणा. पुढील खरेदीवर १०% सूट मिळवण्यासाठी DIWALI10 हा कोड वापरा. मुदत ३० नोव्हेंबर."

मागच्या बाजूला साइटचा पत्ता, पाच तारे काढलेले आणि "आम्हाला ५ स्टार द्यायला विसरू नका".

कोड वापरला चौघांनी. २१२ मध्ये चार. फराळाबद्दल तक्रार एकच आली, तीही चकली फुटल्याची. म्हणजे माल चांगला होता, तरी लोक परत आले नाहीत. यंदा अधिक महिन्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. घटस्थापनेच्या आत कार्डं छापायला द्यायची आहेत. कार्डावर नक्की काय लिहावं? कोणी असं काम केलं असेल तर सांगा.

तिखटमीठ
ताई, १०% ला आजकाल कोणी विचारत नाही. २५% द्या, ठळक लाल अक्षरात. आणि कार्ड हातानं लिहा. हातानं लिहिलेलं कार्ड माणूस फेकत नाही, फ्रिजला लावून ठेवतो. माझ्या मावसबहिणीचं दागिन्यांचं ऑनलाइन दुकान आहे. ती प्रत्येक कार्डावर गिऱ्हाइकाचं नाव हातानं लिहिते आणि लोक त्याचे फोटो टाकतात.

चारोळीप्रेमी
भाजणीघर, शुभेच्छांचा मजकूर हवा असेल तर मी दिवाळीवर बऱ्याच चारोळ्या केल्या आहेत. पणती, रांगोळी, उटणं सगळं आहे त्यात. कार्डाच्या वरच्या अर्ध्या भागात चारोळी आणि खाली तुमचं नाव असं छान दिसेल. हवं तर इथेच टाकतो.

रेवती_हलवेवाली
भाजणीघर, मी ११ वर्षं हलव्याचे दागिने आणि तिळगूळ करते, निम्मा माल कुरियरने जातो. मजकुराकडे नंतर येऊ. आधी दोन गोष्टी सांगा. २१२ खोक्यांपैकी किती खोकी पैसे भरणाऱ्याच्या स्वतःच्या घरी गेली आणि किती दुसऱ्याच्या पत्त्यावर? आणि कोड वापरणारे चौघं यातले कोण?

तिखटमीठ, हातानं नाव लिहिण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. २५ टक्क्यांचं मात्र मला पटत नाही, त्याचा हिशोब नंतर मांडते.

भाजणीघर
चारोळीप्रेमी, मनापासून आभार, पण मला शुभेच्छांपेक्षा पुढच्या ऑर्डरीचा मजकूर हवाय.

रेवतीताई, वही आणि कुरियरच्या पावत्या घेऊन बसले. पैसे भरणारे १३१ जण. स्वतःच्या पत्त्यावर ७६ खोकी, दुसऱ्याच्या पत्त्यावर १३६. इथल्याच एका काकूंनी एकट्यांनी नऊ खोकी पाठवली होती, मुलगा बंगळुरूला, मुलगी हैदराबादला, बाकी भाचरं. कोड वापरणारे चौघेही स्वतःसाठी मागवणारे.

हे आकडे वर्षभर माझ्याजवळच होते, पण असे वेगळे करून कधी पाहिलेच नव्हते.

रेवती_हलवेवाली
आता तुमचं कार्ड त्या १३६ घरांतल्या माणसाच्या डोळ्यांनी वाचा. आईनं फराळ पाठवलाय. खोकं उघडलं, वर कार्ड: "आपल्या खरेदीबद्दल धन्यवाद." त्यानं काही खरेदी केलेलंच नाही. ते वाक्य त्याच्यासाठी नाही हे त्याला पहिल्या ओळीतच कळतं आणि कार्ड बाजूला पडतं. ज्या काकूंनी खरेदी केली त्यांच्या हाती ते कार्ड कधी पडतच नाही. म्हणजे १३६ आभार चुकीच्या पत्त्यावर गेले.

राहिली ७६ घरं. त्यांना तुम्ही ३० नोव्हेंबरपर्यंतचा कोड दिलात. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे प्रत्येक मराठी घरात फराळाचे डबे संपवायचं काम चालू असतं. आपला, शेजारचा, ऑफिसातून आलेला. त्या दिवसांत कोणीही चकली विकत घेत नाही. सूट होती, पण ती वापरायचं कारण त्या मुदतीत एकाही घरात नव्हतं. एवढं असून चौघं आले, हे तुमच्या चकलीचं श्रेय.

म्हणून दोन वेगळे मजकूर लागतील, एक पाठवणाऱ्यासाठी आणि एक खाणाऱ्यासाठी. खाणाऱ्यासाठी कार्ड. पाठवणाऱ्यासाठी कार्ड नकोच, त्यांना व्हॉट्सॲपवर निरोप.

डब्लिनकर
मी खाणाऱ्यांच्या बाजूनं सांगतो. आई दरवर्षी चिंचवडहून कुणाकडून तरी फराळ पाठवते. नऊ वर्षांत मला आठवणारं कार्ड एकच. त्यावर लिहिलं होतं, "अनारसे खालच्या डब्यात आहेत, ते आधी खा. चकली सादळली असेल तर ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं ठेवा, निवली की पुन्हा कुरकुरीत होईल." मी ते केलं आणि झालीही. ते कार्ड फराळ संपेपर्यंत ओट्यावर होतं, कारण बायको गुजराती आहे आणि कुठला डबा कशाचा हे तिला त्यावरूनच कळत होतं. बाकीची सुंदर कार्डं खोक्याबरोबर कचऱ्यात गेली.

एक आणखी. आईनं किती पैसे भरले हे कळेल असं काही खोक्यात ठेवू नका. एकदा बिल आत होतं. मी आईला फोनवर रागावलो, तिला वाईट वाटलं, आणि पुढच्या वर्षी तिनं त्यांच्याकडून मागवलं नाही.

भाजणीघर
डब्लिनकर, बिल आम्हीही आतच घालत होतो. ते आजच थांबलं.

कागदवाला_नारायणपेठ
छापण्याचं मी सांगतो, वर्षं गेली यात.

गुळगुळीत आर्ट कार्डावर लॅमिनेशन केलं की बॉलपेननं त्यावर लिहिता येत नाही, जेलची शाई पुसली जाते. नाव हातानं लिहायचं असेल तर कार्डाची निदान एक बाजू साधी हवी. दुसरीकडे साध्या कागदाचा वैरी म्हणजे तेल. चिवड्याच्या पिशवीला बारीक भोक असेल तर दोन दिवसांत कार्ड पारदर्शक होतं. उपाय स्वस्त आहे: कार्ड छोट्या पारदर्शक पाकिटात घाला आणि आतल्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा. तळाशी किंवा बाहेरच्या पुठ्ठ्यात टाकू नका, बाहेरचं खोकं दारातच फेकलं जातं.

आकार पोस्टकार्डाएवढा, म्हणजे ए-६ घ्या. १२ बाय १८ इंची कागदावर अशी ८ बसतात. पण रंग अगदी कडेपर्यंत हवा असेल तर कापण्यासाठी जागा सोडावी लागते, कार्डं कमी बसतात आणि दर वाढतो. पांढरी पार्श्वभूमी ठेवा. दिवाळी म्हणून सोनेरी फॉइल मागतात लोक, पण क्यूआर कोडवर किंवा त्याच्या शेजारी फॉइल नको, दिव्याखाली चमकतं आणि फोन वाचत नाही.

भाजणीघर
क्यूआर कोड घालायचाच आहे. व्हॉट्सॲपची लिंक टाकून "नमस्कार, मला संक्रांतीच्या तिळगुळाची माहिती हवी आहे" असा मजकूर आधीच भरून ठेवला, पण कोड इतका बारीक ठिपक्यांचा आला की माझ्याच फोनला दोनदा धरावा लागला. असं का होतं?

कागदवाला_नारायणपेठ
देवनागरी मजकुरामुळे. लिंकमध्ये देवनागरीचं एक अक्षर किंवा एक काना-मात्रा टाकली की तिथे नऊ चिन्हं होतात. तुमचं एक वाक्य चारशेच्या वर चिन्हांचं झालं, ती सगळी त्या चौकोनात कोंबली गेली. शब्द रोमन लिपीत आणि छोटा ठेवा, असा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=TIL-K
```

कोड छापताना दोन सेंटीमीटरपेक्षा लहान नको आणि चारही बाजूंनी पांढरी मोकळी जागा हवी. पडद्यावर तपासून समाधान मानू नका. छापून आलेल्या पहिल्या कार्डावर, संध्याकाळी घरातल्या उजेडात, घरातल्या सगळ्यात जुन्या फोननं तपासा. आणि प्रूफवरचा फोन नंबर डोळ्यांनी वाचू नका, फोनवर लावून बघा. माझ्याकडे एकदा ५०० कार्डं एका अंकानं चुकीची गेली होती. तिघांनी वाचला होता तो नंबर.

रेवती_हलवेवाली
कागदवाले काका, TIL-K अगदी छान. भाजणीघर, K म्हणजे खाणारा समजा. कोणी कार्डावरून आलं की पहिल्या निरोपातच तुम्हाला कळेल. सूट न देताही मोजता येतं.

कोडखाली एक ओळ हवीच: "आमचा नंबर सेव्ह करा." कारण व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. माझी पहिली दोन वर्षं यात गेली. यादीत २०० नावं होती आणि निरोप पोचत होता बहुधा तीस-चाळीस जणांना. मला वाटायचं, लोकांना नकोय. त्यांना मिळतच नव्हता.

पण त्या १३६ जणांचे जे नंबर कुरियरसाठी मिळाले आहेत, त्यांवर आपणहून जाहिरात पाठवू नका. तो नंबर खोकं पोचवण्यासाठी काकूंनी विश्वासानं दिला. कार्ड बघून समोरच्यानं स्वतः निरोप पाठवला तरच पुढचं बोलणं. कार्डाचं खरं काम तेच आहे.

आणि ते पाच तारे काढून टाका. घरगुती साइट आहे म्हणून कोणी विचारणार नाही, पण उद्या तुम्ही ॲमेझॉनवर विकायला लागलात तर तिथे कार्डावरून चांगला रिव्ह्यू मागणं, त्यासाठी काही देऊ करणं किंवा गिऱ्हाईक आपल्या साइटकडे वळवणं नियमाविरुद्ध आहे. गूगलवरही बक्षीस देऊन रिव्ह्यू चालत नाही. त्या जागी तक्रारीची ओळ घाला.

तिखटमीठ
तक्रारीची ओळ? आपणच लोकांना तक्रार सुचवायची? हे मला उलटं वाटतंय. आणि सूट नाही तर मग माणूस परत का येईल?

रेवती_हलवेवाली
तक्रारीचं असं, की चकली फुटली तर माणूस चिडतो आणि गप्प बसतो. भेट आलेली असेल तर तर जास्तच, कारण आईला सांगितलं तर तिला वाईट वाटेल. तुम्हाला कळतच नाही. भाजणीघरकडे २१२ मध्ये एक तक्रार आली म्हणजे एकच चकली फुटली असं मी धरणार नाही. "काही फुटलं असेल तर फोटो पाठवा, तेवढं पुन्हा पाठवू" असं लिहिलं की तो बोलतो. पाव किलो चकली आणि कुरियर जातं, पण ते घर राहतं. शिवाय कोणत्या रस्त्यावर खोकी आपटतात ते कळतं आणि पुढच्या वेळी बांधणी बदलता येते.

आता सवलतीचा हिशोब. भाजणीघर, अर्धा किलो तिळगूळ वडी कितीला विकता आणि सामान, गॅस, डबा, मजुरी काढून हातात किती राहतं?

भाजणीघर
४२० ला. सगळं काढून ९५ रुपये राहतात. कुरियर गिऱ्हाईक वेगळं देतं.

रेवती_हलवेवाली
२५% म्हणजे १०५ रुपये. प्रत्येक डब्यामागे दहा रुपये पदरचे गेले, आणि नेमके जे तुम्हाला आवडून परत आलेत त्यांच्यावर. १०% दिलेत तरी ४२ गेले, राहिले ५३. त्यापेक्षा ५० ग्रॅम काटेरी हलव्याची पुडी बरोबर द्या. तुम्हाला घरात ती कितीला पडते?

भाजणीघर
पुडीसकट १४ रुपये.

रेवती_हलवेवाली
मग ८१ राहतात, आणि समोरच्याला हातात काहीतरी मिळतं. मुख्य म्हणजे ४२० ची वडी त्याच्या डोक्यात ४२० चीच राहते. एकदा ३१५ ला घेतली की पुढच्या वर्षी ४२० महाग वाटते. तिखटमीठ, दागिन्यांत नफ्याचं प्रमाण वेगळं असेल, तुमच्या मावसबहिणीला २५% परवडत असेलही. तिळगुळात नाही.

आता मुख्य गोष्ट. माणूस परत का येईल, तर त्याच्या घरी पुढचं काही असेल म्हणून. दिवाळीनंतर मराठी घरात विकत घेण्यासारखं मोठं काय येतं? संक्रांत. नुसता तिळगूळ नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं आणि तिथे वाण म्हणून ३०-४० पुड्या एकाच घरात लागतात. ज्या घरात यंदा लग्न झालंय तिथे सुनेची पहिली संक्रांत, जावयाचे हलव्याचे दागिने. ज्या घरात लहान मूल आहे तिथे बोरन्हाण. परगावी राहणाऱ्या मुलींना हे सगळं करायचं असतं आणि तिथे हलवा मिळत नाही. तुमच्या १३६ घरांत अशी काही घरं नक्की असणार, कारण आई फराळ पाठवते ती बहुतेक तरुण जोडप्यांनाच.

तेव्हा कार्डावर "पुढील खरेदी" असं लिहूच नका. पुढचा सण लिहा, त्यातला प्रसंग लिहा आणि कधीपर्यंत सांगायचं ती तारीख लिहा. हलवा थंडीत चांगला होतो, पाक चमच्या-चमच्यानं टाकत दिवसभर परातीत हलवावा लागतो, तेव्हा कुठे काटा येतो. दागिन्यांचा एक संच म्हणजे अनेक दिवसांचं काम. ही खरी अडचण आहे, ती तशीच सांगा. खोटी घाई करायची गरजच नाही. यंदा दिवाळी ते संक्रांत जेमतेम सव्वादोन महिने आहेत, गेल्या वर्षी पावणेतीन होते, म्हणून तारीख ठळक हवी.

कंदिलवाला_गिरगाव
मी आकाशकंदील करतो, कागदी आणि कापडी. ऑनलाइन बाहेरगावी जातात. रेवतीताईंचं पटलं, पण माझ्याकडे पुढचा सणच नाही. कंदील वर्षातून एकदाच. कापडी नीट ठेवला तर तीन वर्षं चालतो, म्हणजे मी चांगला माल दिला तर गिऱ्हाईक तीन वर्षं येत नाही. माझ्या कार्डावर काय लिहावं?

रेवती_हलवेवाली
कंदिलवाले, तुमच्यासाठी माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एक सुचतं: कंदील उतरवताना घडी कशी घालायची आणि कुठे ठेवायचा हे कार्डावर चित्रासकट द्या आणि कार्ड कंदिलाच्या पिशवीतच ठेवायला सांगा. पुढच्या वर्षी माळ्यावरून पिशवी काढली की तुमचा नंबर पहिल्यांदा हाती येईल. तेव्हा त्याला नवी झालर किंवा बल्बची वायर लागेल, किंवा बहिणीच्या नव्या घरासाठी एक कंदील. पण हे मी करून पाहिलेलं नाही.

डब्लिनकर
एक शंका. भेट म्हणून आलेल्या खोक्यात विक्रीचा मजकूर असणं पाठवणाऱ्याला आवडेल का? आईच्या फराळाबरोबर "ऑर्डर करा" आलं तर मला तरी थोडं खटकेल.

सोलापूरची_वैजू
मलाही खटकेल. आम्ही शेंगाचटणी विकतो, भेटीच्या खोक्यात फक्त "कोणी पाठवलं" एवढंच घालतो. पुढची ऑर्डर आपोआप येते असं नाही, पण पाठवणाऱ्याचा मान राहतो.

रेवती_हलवेवाली
वैजू, तुमचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. मी मधला मार्ग काढलाय: दर्शनी बाजूला पाठवणाऱ्याचं नाव आणि पदार्थाबद्दल, विक्रीचा एकही शब्द नाही. संक्रांतीचं मागच्या बाजूला. आणि ऑर्डर घेताना पाठवणाऱ्याला विचारते, "कार्डावर मागे आमची माहिती असते, चालेल ना?" नको म्हणणारे थोडेच असतात, त्यांच्या खोक्यात मागची बाजू कोरी असलेलं कार्ड जातं. तरी तुम्ही पाळता तसं पाळणंही योग्यच आहे.

भाजणीघर
रात्री बसून लिहिलं. बघा कसं वाटतं.

दर्शनी बाजू:
"नमस्कार ________,
हा फराळ तुमच्यासाठी ________ यांनी मोठ्या प्रेमाने पाठवला आहे. आमच्या स्वयंपाकघरात पारंपरिक पद्धतीने, शुद्ध व सात्त्विक वातावरणात तयार केलेला हा फराळ आपल्या कुटुंबाच्या आनंदात भर घालो. अनारसे आधी खा. चकली हवाबंद डब्यात ठेवा. काही फुटलं असल्यास कृपया संपर्क साधावा."

मागची बाजू:
"संक्रांतीसाठी तिळगूळ, हलव्याचे दागिने, वाणाच्या पुड्या आणि गुळपोळी मिळेल. लवकर ऑर्डर करा! TIL-K"

रेवती_हलवेवाली
पाया चांगला झालाय. आता कात्री.

"मोठ्या प्रेमाने" आपण लिहायचं नाही, ते आईचं आहे आणि मुलाला ते ठाऊक आहे. "पारंपरिक, शुद्ध, सात्त्विक" हे प्रत्येक डब्यावर असतं, त्यातून काही कळत नाही. त्या जागी असं काही लिहा जे फक्त तुमच्याच खोक्याबद्दल खरं आहे. चकली कधी तळली? भाजणी कोणी भाजली? "संपर्क साधावा" हे कचेरीचं. फोटो पाठवा म्हणा, आणि तुम्ही काय कराल ते म्हणा.

मागच्या बाजूला चार वस्तू आहेत म्हणून एकही डोळ्यात भरत नाही. आणि "लवकर" म्हणजे कधी?

लक्षात ठेवा, कार्डावर तळल्याची तारीख लिहिलीत तरी डब्याच्या लेबलवरचं काही कमी करता येत नाही. घटक, वजन, बनवल्याची आणि वापरायची तारीख, एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक हे लेबलवरच हवं.

भाजणीघर
लेबलवर सगळं आहे, ते दरवर्षी तपासते. पुन्हा लिहिलं:

दर्शनी बाजू:
"________,
हा फराळ ________ यांनी पाठवलाय.
भाजणी आमच्या सासूबाईंनी घरी भाजली. चकली ____ ऑक्टोबरला तळली.
अनारसे खालच्या डब्यात आहेत, ते आधी खा.
चकली सादळली तर ओव्हनमध्ये मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवा, निवली की कुरकुरीत होईल.
काही फुटलं असेल तर फोटो पाठवा. तेवढं पुन्हा पाठवू."

मागची बाजू:
"घरात यंदा पहिली संक्रांत आहे? की बाळाचं बोरन्हाण?
हलव्याचे दागिने आम्ही घरी करतो. एका संचाला बरेच दिवस लागतात, म्हणून १५ डिसेंबरपर्यंत सांगा.
वाणाच्या पुड्या हव्या असतील तर ३१ डिसेंबरपर्यंत.
कोड स्कॅन करा आणि आमचा नंबर सेव्ह करा. या कार्डावरून सांगितलेल्या ऑर्डरीबरोबर काटेरी हलव्याची एक पुडी आमच्याकडून."

तारीख आणि दोन्ही नावं हातानं भरणार. स्वतःसाठी मागवणाऱ्या घरांसाठी दुसरी ओळ बदलून "हा फराळ तुम्ही मागवलात, आभार" असं वेगळं छापते.

कागदवाला_नारायणपेठ
दोन वेगळी छपाई कशाला? दुसरी ओळ कोरी सोडा, ती पूर्णच हातानं लिहा. एकच कार्ड दोन्हीकडे चालेल आणि उरलेली वाया जाणार नाहीत. मागची बाजू मात्र या वर्षाचीच आहे, त्यामुळे लागतील तेवढीच छापा. ओट्यावर राहायचं असेल तर अक्षर मोठं घ्या, तुमचा मजकूर तेवढी जागा देतो.

डब्लिनकर
आता खटकत नाही. फक्त चकलीची आणि अनारशांची ओळ इंग्रजीतही लहान अक्षरांत टाका. बंगळुरू-हैदराबादच्या घरांतही जोडीदार मराठी असेलच असं नाही.

रेवती_हलवेवाली
हो, तेवढ्या दोनच ओळी. मागची बाजू मराठीच ठेवा. ज्याला बोरन्हाण म्हणजे काय ते कळतं त्याच्यासाठीच ती आहे.

राहिल्या नऊ खोकीवाल्या काकू. त्यांना खोकं पोचल्याच्या दिवशी निरोप: "काकू, बंगळुरूचं खोकं आज दुपारी पोचलं." बस, त्यात विक्री नको. प्रत्येक पत्त्यासाठी वेगळा निरोप. मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकच: "दिवाळीला तुम्ही नऊ घरी फराळ पाठवलात. त्याच पत्त्यांवर संक्रांतीला तिळगूळ पाठवायचा का? एखादं घर वगळायचं असेल तर सांगा, नाहीतर नुसतं 'हो' लिहा." माझ्याकडच्या परत येणाऱ्या ऑर्डरींत सगळ्यात जास्त या एका निरोपाच्या आहेत. कारण काकूंना नऊ पत्ते पुन्हा लिहून पाठवायचा कंटाळा असतो, तो तुम्ही घालवता.

तिखटमीठ
हे मी मावसबहिणीला सांगते. पण एक विचारू? कार्डामुळे परत आले की चकलीमुळे, हे कसं कळणार? निम्म्या खोक्यांत कार्ड घाला आणि निम्म्यांत नको, असं करून बघता येईल ना?

रेवती_हलवेवाली
येईल. सम क्रमांकाच्या ऑर्डरींत मागची बाजू छापलेलं, विषम क्रमांकांत कोरं. पण शे-शंभर खोक्यांत एकीकडून सात आले आणि दुसरीकडून चार, तर त्यावरून काहीही ठरवू नका, तेवढा फरक असाच पडतो. सात विरुद्ध पंचवीस झाले तर बोलता येईल. मी स्वतः हे केलेलं नाही, कारण निम्म्या घरांना तारीख न सांगणं जिवावर येतं. TIL-K किती आले ते वहीत लिहा, आणि त्यातले दागिन्यांचे किती, पुड्यांचे किती. पुढच्या वर्षी मागच्या बाजूला कोणती ओळ आधी घ्यायची ते त्यावरून ठरेल.

सोलापूरची_वैजू
भाजणीघर, संक्रांत झाली की इथे येऊन आकडे सांगा. माझं मन अजून मागच्या बाजूच्या विरोधातच आहे, पण आकडे बघायचे आहेत.

भाजणीघर
नक्की सांगते. सासूबाईंना मजकूर वाचून दाखवला. "भाजणी आमच्या सासूबाईंनी भाजली" ही ओळ त्यांना आवडली, पण त्या म्हणतात की हलव्याचे दागिने १५ डिसेंबरपर्यंत घेतले तर थंडी पडेपर्यंत हात बांधलेले राहतील आणि नऊ-दहा संचांपेक्षा जास्त होणार नाहीत. म्हणजे "दहाच संच" असंही छापावं लागेल बहुतेक. अकरावा आला तर काय करायचं?

रेवती_हलवेवाली
छापा. खरं आहे ना, मग छापाच. आणि अकरावा आला तर त्यांना माझा नंबर द्या.